उजवा इअरबड मुका झालाय, जोडी परत कशी जुळवायची?

सुरंगीवळेसर (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. चार दिवस याच एका गोष्टीत अडकलेय, म्हणून शेवटी इथे विचारते.

मी घरून आठवी-नववीच्या मुलांच्या ऑनलाईन शिकवण्या घेते. वायरचे इअरफोन दर दोन-तीन महिन्यांनी तुटायचे म्हणून गेल्या वर्षी हे बिनवायरचे इअरबड घेतले. वॉरंटी संपून दोन महिने झाले. गणपती झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मंगळवारी शिकवणीला बसले तर आवाज फक्त डाव्या कानात. उजवा अगदी मुका. खरखर नाही, बारीक आवाज नाही, काहीच नाही. तो पडला नाही, भिजला नाही.

फोन बंद-चालू केला, ब्लूटूथ बंद-चालू केलं, रात्रभर केस चार्जिंगला लावून ठेवली. केस उघडली की दोन्हींवरचे दिवे लागतात, म्हणजे चार्ज तर होत असावेत. बाजारात एका दुकानात दाखवला तर त्याने हातातही न घेता "उजवा गेला, नवीन घ्या" म्हणून सांगितलं. हल्ली उजवा कानात नीट बसतही नाही, सारखा निसटतो, पण तो वेगळा विषय झाला.

एका कानाने शिकवणी घेताना मुलं काय विचारतायत ते धड कळत नाही. जोडी परत जुळवायची काही रीत आहे का, की खरंच नवीन घ्यायचे?

---

खाडीपल्याड (दापोली, सध्या पुणे)

नवीन घेऊ नका. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथे आवाजाच्या डाव्या-उजव्या बॅलन्सची एक पट्टी असते. ती चुकून एका टोकाला सरकली की एक कान पूर्ण बंद होतो. माझ्या बाबांच्या फोनवर हेच झालं होतं आणि आम्ही दोन इअरफोन बदलून मोकळे झालो होतो. पट्टी मधे आणा, शंभर टक्के हेच आहे.

---

तिरफळ (मालवण)

माझ्या झिलाच्या बडाचा पण असोच झाला होता. पावसात दमट हवा जाता आत. दोन दिवस तांदळाच्या डब्यात घालून ठेय, होतला बरोबर.

---

सुरंगीवळेसर

@खाडीपल्याड, पट्टी बघितली, बरोबर मधे आहे. मिस्टरांचे इअरबड माझ्याच फोनला लावून बघितले, ते दोन्ही कानांत वाजतात.

@तिरफळ, तांदळात आजच घालते.

---

सोल्डरगन (रत्नागिरी)

ताई, तांदळात घालू नका. मोबाईल दुरुस्तीत मला बारा वर्षं झाली. तांदळातून आलेल्या वस्तूंच्या जाळीत आणि चार्जिंगच्या टिकल्यांवर पांढरी पूड बसलेली असते, ती काढायचं काम वर वाढतं. ओल शोषायलाच हवी असेल तर बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. पण तुमचा बड भिजलेलाच नाही, तेव्हा तेही नको.

मिस्टरांचे बड तुमच्या फोनवर दोन्हीकडे वाजले, म्हणजे फोन सुटला. आता दोष बडमध्ये किंवा दोघांच्या आपसातल्या जोडणीत. ते ओळखायला कसलंही हत्यार लागत नाही. डावा बड केसमध्ये ठेवून झाकण लावा. फक्त उजवा बाहेर काढा, मिनिटभर थांबा आणि फोनच्या ब्लूटूथच्या यादीत काय दिसतं ते बघा. उजवा एकटा वाजला तर त्याची बॅटरी, स्पीकर, सगळं ठीक आहे, फक्त जोडी तुटली आहे. एकटाही वाजला नाही तर पुढे बघू.

कनेक्ट झाला पण आवाज अगदी खोल गेल्यासारखा आला, तर जाळी मेणाने बुजलेली असते. ती तिसरी गोष्ट. तुमचा पूर्ण मुका आहे म्हणता, तेव्हा ती शक्यता मला कमी वाटते.

---

निवृत्त_मास्तर (सावंतवाडी)

सुरंगीताई, मलाही गेल्या वर्षी उजव्या बाजूने ऐकू येईनासं झालं होतं. कानाच्या डॉक्टरांनी मळाचा खडा काढला आणि पाच मिनिटांत सगळं स्वच्छ. आधी कान तपासून घ्या, यंत्राला दोष देण्यापूर्वी.

---

देवगडची_लेक

मास्तर, ताईंचा कान बरा आहे हो, मिस्टरांचे बड दोन्हीकडे ऐकू आले ना त्यांना :) पण तपासणी म्हणून चांगलं सुचवलंत. मुका बड दुसऱ्या कानाशी धरून बघायचा, तिथेही मुका असेल तर दोष कानाचा नाही.

---

निवृत्त_मास्तर

हो, ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं. क्षमस्व.

---

सुरंगीवळेसर

@सोल्डरगन दादा, सांगितल्याप्रमाणे केलं. डावा केसमध्ये, उजवा बाहेर. उजव्यावर निळा-लाल दिवा लुकलुकत राहिला, फोनला आपणहून जोडला गेला नाही. पण ब्लूटूथच्या यादीत आमच्या इअरबडचं नाव दोनदा दिसतंय! एक वर, आधीपासून जोडलेल्यांत, आणि तेच नाव खाली, नव्याने सापडलेल्यांत. खालच्यावर बोट दाबलं तर उजवा "कनेक्टेड" म्हणाला आणि व्यवस्थित वाजायला लागला!! मला इतका आनंद झाला. मग डावा बाहेर काढला तर आता डावा मुका. वरच्या नावावर दाबलं की डावा वाजतो आणि उजवा बंद. दोघे एकदम काही वाजत नाहीत.

---

सोल्डरगन

ताई, बातमी चांगली आहे. तुमचा उजवा गेलेला नाही. त्याची बॅटरी, स्पीकर, रेडिओ सगळं शाबूत आहे. दुकानदाराने हातात घेतला असता तर त्यालाही दिसलं असतं.

नाव दोनदा दिसणं ही खूण पक्की समजा. बहुतेक इअरबडमध्ये फोन एकाच बडशी जोडला जातो. तो बड फोनकडून डाव्या-उजव्या दोन्हींचा आवाज घेतो, आपला भाग स्वतः वाजवतो आणि दुसऱ्याचा भाग त्याच्याकडे पोचवतो. म्हणून यादीत एकच नाव दिसायला हवं. दुसरा बड फोनशी नाही, आपल्या जोडीदाराशी बांधलेला असतो, आणि त्या जोडीदाराचा पत्ता त्याच्या आत लिहून ठेवलेला असतो. तो पत्ता पुसला गेला किंवा चुकला की दुसरा बड एकटा पडतो, थोडा वेळ जोडीदाराला शोधतो आणि मग "मला कोणीतरी घ्या" म्हणून स्वतःच लुकलुकायला लागतो. तुम्ही खालच्या नावावर दाबलंत तेव्हा तुमच्या फोनला वाटलं, हा एक निराळाच इअरफोन आला. साधं गाणं फोन एका वेळी एकाच इअरफोनला देतो, म्हणून एक वाजला की दुसरा बंद.

रिसेट कसं करायचं ते संध्याकाळी दुकान बंद केल्यावर सविस्तर लिहितो. तोवर यादीतल्या नावांशी आणखी खेळू नका.

---

खाडीपल्याड

बॅलन्सबद्दल माझं चुकलं, मान्य. पण @सोल्डरगन, एक बड दुसऱ्याला आवाज पोचवतो हे आता सगळीकडे खरं नाही. हल्लीच्या बऱ्याच चिपमध्ये दुसरा बड फोन आणि पहिल्या बडमधलं बोलणं परस्पर ऐकतो आणि आपला भाग उचलतो. आणि 2020 साली आलेल्या ब्लूटूथ 5.2 पासून तर फोन दोन्ही बडना वेगवेगळा आवाज पाठवू शकतो, दोन्हीकडे तशी सोय असेल तर. तेव्हा फोन जुना असेल तर तो बदलणं हाही उपाय आहेच.

---

सोल्डरगन

चिपबद्दल बरोबर बोललात, मी ढोबळ सांगितलं. पण परस्पर ऐकायचं म्हटलं तरी कोणाचं ऐकायचं हे दुसऱ्या बडला ठाऊक लागतं, म्हणजे दोघांची ओळख हवीच. फोन बदलण्याशी मात्र मी सहमत नाही. मंगळवारपर्यंत याच फोनवर दोन्ही कान वाजत होते ना? मग फोन जुना असण्याने काय बिघडलं?

---

वरवंटा (गुहागर)

म्हणजे दोघांचा घटस्फोट झालाय आणि पत्रिका परत जुळवायचीय :)

---

दर्यावर्दी (हर्णै)

माझापण उजवाच बंद आहे. मी बोटीवर असतो, मोकळ्या वेळात गाणी ऐकतो. पण माझ्यात ताईंसारखं नाव दोनदा येत नाही. केसमध्ये ठेवल्यावर डाव्याचा दिवा लागतो, उजव्याचा लागत नाही. त्याआधी महिनाभर आणखी एक त्रास होता, दोन्ही बड केसमध्ये बंद असताना फोन आला की मला समोरच्याचा आवाजच यायचा नाही. मला वाटायचं रेंजचा घोळ. रिसेट मारून बघितला, डाव्याचा दिवा लुकलुकतो, उजवा ढिम्म. माझीही जोडीच तुटली आहे का?

---

सोल्डरगन

@दर्यावर्दी, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमचा उजवा केसमध्ये बसतो पण केसला टेकत नाही.

बडच्या पोटाला दोन-तीन बारीक सोनेरी टिकल्या असतात आणि केसच्या खळग्यात त्यांच्यासमोर स्प्रिंगवरच्या पिना. त्यांतून चार्जिंग तर होतंच, पण बडला "मी घरात आलो" हेही तिथूनच कळतं. संपर्क तुटला की बड केसमध्ये असूनही स्वतःला बाहेर समजतो, फोनशी जोडलेला राहतो आणि तुमच्या फोनवरचा आवाज बंद डबीत जातो. रेंजचा दोष नव्हता तो. असा दिवसभर जागा राहिला की बॅटरी उतरते आणि मग तो मुका होतो. केसच्या बटणाने केलेला रिसेटसुद्धा याच पिनांतून बडपर्यंत जातो, म्हणून तुमच्या डाव्याला तो कळला आणि उजव्याला कळला नाही.

आता उजव्याच्या टिकल्या उजेडात धरून नीट बघा आणि काय दिसतं ते लिहा.

---

दर्यावर्दी

मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघितलं. डाव्याच्या टिकल्या चकचकीत आहेत. उजव्याच्या एका टिकलीवर हिरवट पापुद्रा आहे, तांब्याच्या भांड्यावर येतो तसा. आणि केसमधल्या उजव्या खळग्यात एक पिन बाकीच्यांपेक्षा खाली बसलीय.

---

सोल्डरगन

सापडलं. घाम आणि खारी हवा यांनी टिकलीचा मुलामा कुठेतरी गेला आणि खालच्या तांब्याला गंज चढला. किनाऱ्यावरून माझ्याकडे येणाऱ्या मुक्या बडमध्ये हेच जास्त असतं.

केस चार्जरवरून काढा. केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीवर घ्या, काडी फक्त ओलसर हवी, ठिबकणारी नको. टिकली हलकेच घासा, कापूस हिरवा येईल, काडी बदला, पुन्हा घासा. पापुद्रा चिवट असेल तर लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने खरवडा. सुई किंवा सँडपेपर लावू नका, उरलासुरला सोन्याचा मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात दुप्पट गंज येतो. खाली बसलेली पिन टूथपिकने दाबून सोडा, ती उसळून वर आली पाहिजे. अडकली असेल तर तिच्या मुळाशी अल्कोहोलचा एक थेंब सोडून दहा-बारा वेळा दाबा-सोडा. अर्धा तास वाळू द्या, मग बड ठेवून बघा. दिवा लागला तर निदान दोन तास तसाच राहू द्या.

---

देवगडची_लेक

हे वाचून आत्ता माझे बघितले, माझ्यावरही हिरवं यायला लागलंय. संध्याकाळी चालून आले की घामट बड तसेच केसमध्ये टाकते. आजपासून आधी पुसून ठेवणार.

---

सोल्डरगन

आता सुरंगीताईंचं काम.

पहिल्यांदा फोनच्या यादीतली दोन्ही नावं फर्गेट करा, म्हणजे पुसून टाका. हे बड याआधी ज्या ज्या यंत्रांना जोडले होते, टॅब, लॅपटॉप, टीव्ही, त्या सगळ्यांवरूनही पुसा. मग सगळ्यांचं ब्लूटूथ बंद करा. बडने एकमेकांना शोधावं यासाठी आजूबाजूला बोलायला दुसरं कोणी नसलेलं बरं.

दोन्ही बड केसमध्ये ठेवून अर्धा तास चार्ज करा. एकाची बॅटरी अगदी तळाला असेल तर रिसेट अर्धवट राहतो.

तुमच्या केसला बटण आहे का? असेल तर झाकण उघडं ठेवून, बड आतच ठेवून ते दाबून धरा. साधारण दहा सेकंद लागतात, नेमकं किती ते मॉडेलवर असतं, खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. बटण नसेल तर दोन्ही बड बाहेर काढून दोघांच्या टचवर एकाच वेळी बोटं धरायची असतात. दोन्हीकडचे दिवे एकदम झपाझप लुकलुकले की रिसेट झाला.

झाकण लावा, दहा सेकंद थांबा, उघडा आणि दोन्ही बड एकदम काढा. एक काढून दुसरा शोधत बसू नका, एकटा निघालेला बड जोडीदाराची फार वाट बघत नाही. आता फोनकडे न बघता दिव्यांकडे बघा. आधी दोघेही लुकलुकतील. काही सेकंदांत एकाचा दिवा विझेल किंवा संथ होईल आणि दुसरा लुकलुकत राहील. तसं झालं तर दोघे जुळले, आणि जो लुकलुकतोय तो फोनची वाट बघतोय. दोघेही आपापले लुकलुकत राहिले तर जुळले नाहीत, फोनचं ब्लूटूथ चालूच करू नका, पुन्हा पहिल्यापासून.

जुळल्यावरच फोनचं ब्लूटूथ चालू करा. यादीत नाव एकदाच दिसलं पाहिजे. त्यावर दाबा.

---

सुरंगीवळेसर

दादा, नाही झालं. बटण आहे. दाबून धरलं, दिवे लुकलुकले, सोडलं. झाकण लावून उघडलं, दोन्ही एकदम काढले. दोघेही लुकलुकत राहिले. मग डावा म्हणाला "कनेक्टेड", आणि बघते तर तो मुलाच्या टॅबला जाऊन जोडला गेला! टॅब आतल्या खोलीत होता, माझ्या लक्षातच नव्हता.

---

देवगडची_लेक

माझ्या लॅपटॉपने मला असंच रडवलं होतं. टॅबवरून पुसा आणि टॅब बंदच करून टाका ताई.

---

सोल्डरगन

टॅब पुसाच, पण त्यातून मला आणखी एक कळलं. रिसेट नीट झाला असता तर डाव्याला टॅबची ओळखच राहिली नसती. तो आपणहून टॅबकडे पळाला, म्हणजे त्याची आठवण पुसलीच गेली नाही. बटण किती वेळ दाबलंत? तीनेक सेकंदांनी जे पहिलं लुकलुकणं येतं ते बहुतेक केसमध्ये नुसतं "नवीन फोन जोडा" एवढंच असतं. तिथे सोडायचं नाही. तसंच धरून ठेवा, दिवे थोडे थांबतील आणि मग वेगळ्या रंगात किंवा जास्त भरभर लुकलुकतील. तेव्हा सोडा.

---

सुरंगीवळेसर

हो, पहिल्या लुकलुकण्यालाच सोडलं होतं. मनात आकडे मोजत होते, चार झाले असतील. उद्या सकाळी शिकवणीआधी परत करते. आत्ता इथे लाईट गेलीय आणि केसही उतरत आलीय.

---

मोगरीचा_गजरा (डहाणू)

धागा पहिल्यापासून वाचला. सुरंगीताई, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की उजवा "हल्ली" कानात नीट बसत नाही. हे तो मुका झाल्यापासूनच का? बड काही आकसत नाही. त्याचं रबर बघितलंत का? डाव्याचं आणि उजव्याचं एकाच मापाचं आहे?

---

सुरंगीवळेसर

अगं बाई.

आत्ता टॉर्च लावून दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. डाव्याचं रबर मोठं, उजव्याचं त्याच्याहून छोटं. मी छोटं रबर कधी लावलेलंच नाही, ती पुडी अजून खोक्यात बंद आहे.

माझी मावसबहीण डोंबिवलीहून गणपतीला आली होती, पाच दिवस होती. आम्ही दोघींनी गेल्या वर्षी एकाच सेलमध्ये एकदम हेच काळे बड मागवले होते. विसर्जनाच्या आदल्या रात्री आम्ही दोघी माजघरात जुनी गाणी ऐकत बसलो होतो आणि दोघींचे बड एकाच ताटलीत ठेवले होते. तिचे कान लहान आहेत, ती छोटं रबर लावते.

माझ्याकडे तिचा उजवा आहे!

---

वरवंटा

ताटलीतच अदलाबदल झाली तर! मोगरीताईंच्या नजरेला सलाम.

---

मोगरीचा_गजरा

माझ्याकडे दोन मुलं, दोन सारखे सेट. म्हणून डोक्यात आलं.

---

सोल्डरगन

मोगरीताई, मी इतका दिव्यांच्या मागे लागलो होतो की रबराकडे लक्षच गेलं नाही. आता सगळं जुळतं. तिच्या उजव्याच्या आत डोंबिवलीतल्या डाव्याचा पत्ता आहे. तो इथे कितीही शोधला तरी सापडणार कुठून?

सुरंगीताई, बहिणीलाही विचारा, तिचाही एकच वाजत असणार.

पार्सल करायची घाई करू नका. मॉडेल अगदी तेच असेल, तर साध्या बटणवाल्या सेटमध्ये पूर्ण रिसेट केल्यावर डावा जवळ असलेल्या कोणत्याही उजव्याला घेतो. सगळ्यांत असं चालत नाही. काही महागड्या सेटमध्ये जोडी कंपनीकडूनच पक्की केलेली असते, आणि ॲपवरून अपडेट होणाऱ्यांमध्ये एक बड नव्या अपडेटचा आणि दुसरा जुन्याचा असला तरी जुळत नाहीत. तुमच्यात काय होईल ते करूनच कळेल. मात्र रिसेट पूर्ण हवा.

---

सुरंगीवळेसर

झालं!!!

सकाळी साडेसहाला बसले. टॅब, फोन, मिस्टरांचा फोन, सगळ्यांचं ब्लूटूथ बंद. बटण दाबून बारापर्यंत मोजले. चाराला पांढरं लुकलुकणं आलं, मी सोडलं नाही. मग दिवे विझले आणि दहाच्या सुमाराला दोन्हीकडे तांबडा तीनदा चमकला. झाकण लावलं, उघडलं, दोन्ही हातांनी दोन्ही एकदम काढले. दोघे लुकलुकले, आणि मग उजव्याचा दिवा हळूच विझला, डावा एकटा लुकलुकत राहिला. दादांनी लिहिलं होतं अगदी तसंच. फोनवर नाव एकदाच. सातची शिकवणी दोन्ही कानांनी घेतली.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, गणपतीहून आल्यापासून तिचाही उजवा बंद, ट्रेनमध्ये गर्दीत कुठेतरी दबला असेल म्हणून तिने नाद सोडला होता आणि नवीन बघायला लागली होती! तिला हा धागा पाठवलाय.

---

सोल्डरगन

फार बरं वाटलं ताई. बहिणीलाही हेच करायला सांगा, लवकर सोडू नको म्हणावं.

---

सुरंगीवळेसर

तिचंही झालं, दुपारी मेसेज आला. एक शंका आहे. आज डाव्याने अडीच तासांनी "लो बॅटरी" सांगितलं आणि उजव्यात फोन अजून चाळीस टक्के दाखवत होता. जुळणीत काही राहिलं का? आणि दिवाळीला ती येणार आहे, तेव्हा आपापले परत बदलून घ्यायचे का?

---

सोल्डरगन

जुळणी ठीक आहे. तुमचा डावा वर्षभर रोज शिकवणीला राबलाय, तिचा उजवा कमी वापरलेला असेल, म्हणून तो जास्त टिकतो. शिवाय जो बड फोनशी बोलतो त्याला थोडं जास्त काम पडतं, तुमच्यात तो डावाच आहे. यातलं नेमकं कशाने किती फरक पडतो ते इथून सांगता येणार नाही.

परत बदललेत तर दोघींनाही पुन्हा हाच सगळा रिसेट करावा लागेल. तुमचा निर्णय.

---

खाडीपल्याड

मी असतो तर बदलले असते. एका वयाच्या दोन बॅटऱ्या एकत्र असलेल्या बऱ्या.

---

मोगरीचा_गजरा

मी नसते बदलले. चाललंय ते चालू द्या. पण खूण करा. मुलांच्या बडना मी नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिलाय, टिकल्यांपासून आणि माईकच्या भोकापासून लांब, देठाच्या बाहेरच्या अंगाला.

---

दर्यावर्दी

माझी खबर द्यायची राहिली. पाच काड्या हिरव्या झाल्या, तेव्हा टिकली दिसायला लागली. पिन दाबून दाबून वर आली. आता उजव्याचा दिवा लागतो, केसमध्ये गेला की फोनपासून सुटतो, आणि रिसेट दोघांनाही लागला. दोन्ही कान वाजतात. पण उजवा वीस मिनिटांत संपतो, डावा तीन तास जातो. दोनदा पूर्ण चार्ज करून बघितलं, तेच.

---

सोल्डरगन

संपर्क सुधारला, पण महिनाभर उतरलेली राहून ती बॅटरी खचलीय असं वाटतं. चार-पाच वेळा चार्ज करून बघा, थोडी सावरली तर ठीक. नाही सावरली तर बड फोडून सेल बदलता येतो, पण चिकटवलेला असतो, उघडताना तुटण्याची भीती खरी आहे. त्याच मॉडेलचा सुटा उजवा कुठे मिळाला तर ते बरं. कसा जुळवायचा ते आता ठाऊक आहेच.

---

दर्यावर्दी

रत्नागिरीला येईन तेव्हा घेऊन येतो. कोणाकडे डावा बिघडलेला आणि उजवा चांगला असलेला काळा सेट पडून असेल तर कळवा.

---

सुरंगीवळेसर

मिस्टरांना आमच्याकडच्या दुकानांत विचारायला सांगते. मॉडेलचं नाव मला व्यनि करा.

आमच्यापुरतं ठरलं, आम्ही बदलत नाही. उजव्याला माझं मोठं रबर लावलं, आता निसटत नाही. माझ्या दोन्हींवर लाल ठिपका दिलाय, तिने हिरवा दिलाय.